आठ हजार तारखेला, दोन हजार रेषेला

"मी ३४ वर्षांचा. अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात नोकरी, सिडकोत घर. दरमहा १०,००० रुपये बिटकॉइनमध्ये टाकायचे आणि किमान दहा वर्षं विकायचं नाही, असं बायकोशी बोलून ठरवलंय. मित्र महिन्याच्या महिन्याला डोळे झाकून घेतो. मी चार्ट शिकलोय. डेली आरएसआय ३०च्या खाली आणि भाव २०० आठवड्यांच्या सरासरीला टेकलेला, दोन्ही जुळलं की घ्यायचं, हा माझा नियम. नऊ महिन्यांत ते एकदाही जुळलं नाही. ९०,००० रुपये साठलेत. तोवर डॉलरच्या भावाला बांधलेलं आभासी चलन, यूएसडीटी, घेऊन ठेवू का? वरच्या भावाला घेतलं तर ॲव्हरेज खराब होईल याची भीती वाटते. घेतल्यावर भाव ठरावीक खाली गेला की आपोआप विकणारा स्टॉप-लॉस लावावा का? एसआयपी बरी की माझी पद्धत?"
— एक वाचक, सिडको, नाशिक

तुमचं पत्र वाचलं आणि कपाटातून माझ्या भाच्याची एक जुनी वही काढली. २०२२ साली तोही तुमच्यासारखाच चार्ट शिकत होता. वहीत एका पानावर निळ्या पेनाने लिहिलंय, "२०,००० डॉलरला घेणार." १८ जून २०२२ला बिटकॉइन १७,६०० डॉलरच्या आसपास गेला. त्या ओळीवर काट आहे आणि खाली लिहिलंय, "१५,००० नक्की." नोव्हेंबरात एफटीएक्स हे एक्सचेंज बुडालं, भाव साडेपंधरा हजारांच्या घरात आला. पंधरा हजारांवरही काट, खाली "१२,०००." त्यापुढे पान कोरं आहे. त्याने त्या वर्षी एक रुपयाचंही बिटकॉइन घेतलं नाही.

त्याचा चार्ट चुकला नव्हता. भाव पडेल म्हणाला होता, पडला. ठरवलेला आकडा आला, तेव्हा आजूबाजूला सगळे अजून खालचा आकडा सांगत होते आणि त्याचा हात हलला नाही. तुमच्या नियमाबद्दल माझी पहिली शंका हीच आहे. तो जुळेल तो दिवस कसा असेल, याचा विचार तुम्ही केला आहे का? आरएसआय तिशीच्या खाली आणि भाव चार वर्षांच्या सरासरीला टेकलेला, म्हणजे बाजारात कुठलं तरी मोठं नाव बुडालेलं असणार, बातम्या वाईट असणार, आणि त्या दिवशी तुम्हाला एका झटक्यात लाखभर रुपये टाकायचे आहेत. दरमहा दहा हजारांची सवय ज्या हाताला लागलेली नाही, त्या हाताला तेव्हा हे जमणं फार अवघड असतं.

आता त्या दोन खुणांकडे बघू. आरएसआय गेल्या १४ दिवसांतल्या चढ-उताराचा वेग मोजतो. ३०च्या खाली गेला, याचा अर्थ भाव जोरात पडलाय एवढाच. तळ आला असं तो सांगत नाही. जानेवारी २०२२मध्ये भाव ३५,००० डॉलरच्या आसपास असताना डेली आरएसआय ३०च्या बराच खाली गेला होता. तिथे सगळे पैसे टाकणाऱ्याने वर्षअखेरपर्यंत त्याचे अर्ध्याहून कमी झालेले पाहिले. म्हणून दहा वर्षांच्या खरेदीसाठी मी आरएसआय काढूनच टाकीन.

२०० आठवड्यांची सरासरी जास्त कामाची आहे. डिसेंबर २०१८मध्ये आणि मार्च २०२०मध्ये भाव या रेषेच्या आसपास येऊन उलटला, त्यामुळे "ही रेषा म्हणजे जमीन" अशी समजूत पसरली. जून २०२२मध्ये ती जमीन खचली. रेषा तेव्हा साधारण २२,००० डॉलरवर होती आणि पुढचे कितीतरी महिने भाव बहुतेक काळ तिच्या खालीच राहिला. तरीही तिथे घेतलेला माल पुढे स्वस्तच ठरला, हे खरं आहे. पण २०० आठवडे म्हणजे जवळपास चार वर्षं. इतकी संथ रेषा आणि भाव यांची भेट काही वर्षांतून एकदा होते. तुमचा पगार मात्र दर महिन्याला होतो. महिन्याच्या पैशाला काही वर्षांतून एकदा वाजणाऱ्या घंटेला बांधून ठेवलंत, म्हणून नऊ महिने काही घडलं नाही. यात तुमच्या चार्टवाचनाचा काही दोष नाही.

तुमची पद्धत आणि मित्राची पद्धत, दोन्ही एकेका वर्षावर लावून बघितल्या. आकडे डॉलरमध्ये आहेत, ढोबळ आहेत, महिन्याच्या एक तारखेचे भाव धरलेत.

२०२२मध्ये दर महिन्याच्या एक तारखेला १०० डॉलर टाकणाऱ्याला जानेवारीत भाव पडला सुमारे ४७,७००, एप्रिलमध्ये ४६,३००, जुलैत १९,३००, डिसेंबरात १७,०००. बारा भावांची साधी सरासरी ३०,४०० येते. त्याची खरेदीची सरासरी मात्र २६,४००च्या आसपास बसते, कारण तेवढ्याच शंभर डॉलरमध्ये स्वस्त महिन्यात जास्त माल येतो. पहिल्या सहा महिन्यांच्या पैशाने त्याला वर्षाच्या एकूण मालाचा जेमतेम एक तृतीयांश मिळाला, उरलेला दोन तृतीयांश नंतरच्या सहा महिन्यांत. त्याने ना तळ ओळखला ना चार्ट उघडला. आणि रेषेची वाट पाहून सगळे पैसे २२,०००ला टाकणारा? तो या मित्राहून सरस ठरला, साधारण सोळा-सतरा टक्के स्वस्तात. तुमच्या पद्धतीचं हे सगळ्यात चांगलं वर्ष, आणि फायदा एवढा.

२०२४ घ्या. वर्षभरात भाव त्या रेषेजवळ एकदाही आला नाही. एक तारखेला घेणाऱ्याची सरासरी ६०,०००च्या थोडी वर बसली, डिसेंबरअखेर भाव ९३,०००च्या पुढे होता. रेषेची वाट पाहणाऱ्याकडे वर्षाच्या शेवटी बिटकॉइन शून्य. पहिल्या वर्षी सोळा-सतरा टक्क्यांची बचत, दुसऱ्या वर्षी रिकामे हात. या दोन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत, आणि पुढचं वर्ष कोणत्या जातीचं असेल हे जानेवारीत कोणालाच कळत नाही.

आपल्या जिल्ह्यात उन्हाळ कांदा चाळीत भरून भावाची वाट पाहतात. चाळीतला कांदा सडतो, वजन घटतं, त्यामुळे थांबण्याची किंमत शेतकऱ्याच्या नाकालाच कळते. तुमच्या खात्यातल्या ९०,००० रुपयांना वास येत नाही, म्हणून थांबणं फुकट आहे असं वाटतं. समजा दर महिन्याला तुम्ही पाच टक्के घसरणीची वाट पाहिलीत आणि बारापैकी नऊ वेळा ती मिळाली. दहा हजारांमागे साधारण सव्वापाचशे रुपयांचा माल जास्त मिळाला, नऊ वेळचे ४,७००. उरलेल्या तीन वेळा भाव खाली आलाच नाही आणि शेवटी कंटाळून २५ टक्के वर घेतलंत, तर त्या ३०,००० रुपयांत २४,०००चाच माल आला. ६,००० गेले. बारातून नऊ वेळा बरोबर येऊनही वर्षाचा हिशेब तोट्यात.

आता ॲव्हरेजच्या भीतीबद्दल, कारण पत्रात मला सगळ्यात जास्त तीच जाणवली. तुम्ही ॲव्हरेज खाली ठेवण्याला यश मानता आहात. दहा वर्षांनी तुमच्या वॉलेटमध्ये ॲव्हरेज नसणार, सातोशी असणार. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. ५०,०००च्या सरासरीने घेतलेले दहा लाख सातोशी आणि ८०,०००च्या सरासरीने घेतलेले चाळीस लाख सातोशी, यात पुढे कामाला येणारे चाळीस लाखच. सुरुवातीला स्वस्तात थोडं घेतलेला माणूस पुढे महाग भावाला घेताना कचरतो, कारण आपलं "चांगलं" ॲव्हरेज त्याला बिघडवायचं नसतं. मी हे अनेकांमध्ये पाहिलंय. त्या आकड्याच्या प्रेमापोटी खरेदीच बंद पडते.

पाच वर्षं नेमाने घेतलंत की ६० हप्ते होतील. त्यानंतरचा ६१वा हप्ता तुम्ही चार्ट बघून २० टक्के स्वस्तात घेतलात, तर त्या हप्त्यात चौथा हिस्सा माल जास्त येईल. पण एकूण मालात भर पडेल अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जसजसा साठा मोठा होतो, तसतसं एकेका हप्त्याची वेळ साधण्याचं महत्त्व विरघळत जातं. चार्टचं काम असलंच, तर ते क्वचित येणाऱ्या मोठ्या पडझडीत, आणि तेव्हा हाताशी वेगळी, थोडी मोठी रक्कम असेल तरच.

म्हणून माझा सल्ला असा. दहा हजारांतले आठ हजार तारखेला द्या. पगारानंतरचा दुसरा दिवस धरा आणि त्या दिवशी चार्ट उघडू नका. आठवड्याला घ्यावं की महिन्याला, यावर डोकं शिणवू नका. इतक्या वर्षांत दोन्ही जवळजवळ सारखंच पडतं. उरलेले दोन हजार राखीव. हे तुमच्या चार्टचे पैसे.

राखीव पैसे दोन टप्प्यांत सुटतील. गेल्या बारा महिन्यांतल्या सर्वोच्च भावापासून ३० टक्के खाली आला की निम्मे. आठवड्याचा बंद भाव २०० आठवड्यांच्या सरासरीखाली गेला की उरलेले सगळे. तीस टक्केच का? बिटकॉइन चांगल्या वर्षातही वीस-पंचवीस टक्के पडतो, म्हणून वीसचा आकडा ठेवलात तर राखीव रक्कम कधी साठणारच नाही. पहिल्या टप्प्यासाठी आधीच लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप खरेदी करणारी ऑर्डर, लावून ठेवणं बरं. मार्च २०२४मध्ये भाव ७३,७००च्या आसपास गेला होता, तिथून ३० टक्के खाली म्हणजे ५१,६००. सोमवार, ५ ऑगस्टला भाव ४९,०००च्या घरात गेला, पण काही तासच. ज्याची ऑर्डर लागलेली होती त्याला मिळालं. दुसऱ्या दिवशी बघणाऱ्याला भाव परत वर गेलेला दिसला. यासाठी राखीव रकमेतला निम्मा भाग एक्सचेंजवर ठेवावा लागेल, आणि एक्सचेंज म्हणजे बँक नव्हे, ठेवीला विमा नाही. तेवढी जोखीम नको असेल, तर ऑर्डर लावू नका आणि तासाभराच्या अशा घसरणी हुकतील हे मान्य करा. कोणताही एक निर्णय घ्या, पण आत्ता घ्या.

तिसरी अट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि तुमच्या नियमात ती नव्हती. राखीव पैशाला मुदत हवी. दर गुढीपाडव्याला बघा. वर्षभरात कुठलाच टप्पा आला नसेल, तर ती रक्कम पुढच्या तीन हप्त्यांत सरळ मिसळून टाका आणि राखीव खातं पुन्हा शून्यापासून सुरू करा. मुदत नसली की "अजून थोडं खाली येऊ दे" याला अंत राहत नाही, हे भाच्याच्या वहीने मला शिकवलं.

साठलेल्या ९०,०००पैकी १८,००० राखीव खात्याची सुरुवात म्हणून ठेवा. उरलेल्या ७२,०००चे सहा समान हप्ते करा, म्हणजे सहा महिने दरमहा आठऐवजी वीस हजार जातील. एकरकमी आजच टाकणं गणिताने चुकीचं नाही. चढत्या बाजारात तेच सरस ठरतं. पण नऊ महिने थांबलेल्या माणसाने एका दिवसात सगळं टाकलं आणि पुढच्याच महिन्यात भाव चतकोर पडला, तर तो आठ हजारांचा हप्ताही बंद करतो. तुम्ही चालू राहणं जास्त मोलाचं आहे, म्हणून सहा हप्ते.

राखीव पैसे यूएसडीटीत ठेवू नका. आपल्याकडे एक आभासी चलन देऊन दुसरं घेणं हे पहिल्याची विक्री धरलं जातं. यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेताना एक टक्का टीडीएस कापला जाईल, आणि मधल्या काळात रुपया घसरल्यामुळे यूएसडीटीवर जो रुपयांतला नफा दिसेल त्यावर ३० टक्के कर, आणि त्या करावर चार टक्के उपकर. शिवाय इथे यूएसडीटी बऱ्याचदा बँकेच्या डॉलर दरापेक्षा महाग मिळतो. रुपये देऊन थेट बिटकॉइन घेतलंत तर घेणाऱ्याचा टीडीएस कापला जात नाही. तेव्हा पैसे रुपयांतच, बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा एफडीत असू द्या.

स्टॉप-लॉसचं उत्तरही याच करात आहे. समजा एका खरेदीत स्टॉप-लॉस लागून ५,००० गेले आणि पुढच्या खरेदी-विक्रीत ५,००० मिळाले. तुमच्या हिशेबाने बरोबरी झाली. आयकर खात्याच्या हिशेबाने ५,००० नफा झाला आणि त्यावर १,५६० रुपये कर लागला, कारण आभासी चलनातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. प्रत्येक विक्रीच्या पूर्ण रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा; तो विवरणपत्र भरल्यावर जमा धरला जातो, पण तोवर अडकतो. स्टॉप-लॉस हे विकत-घेत राहणाऱ्याचं हत्यार आहे. दहा वर्षं ठेवणाऱ्याची जोखीम रक्कम ठरवतानाच बांधली जाते. डिसेंबर २०१७च्या शिखरापासून वर्षभरात भाव ८० टक्क्यांहून जास्त पडला होता, २०२१-२२मध्ये ७५ टक्क्यांहून जास्त. दहा वर्षांत टाकलेल्या तुमच्या बारा लाखांचे तीन लाख झालेले दोघांनाही सोसतील का, हे बायकोसोबत बसून पुन्हा एकदा बोला. सोसणार नसेल, तर हप्ता दहा हजारांचा पाच हजार करा. आणि हप्त्याने घेण्याची ही सगळी रीत भाव कधीतरी परत वर येतो या गृहीतावर उभी आहे. तो आला नाही, तर स्वस्तात जास्त घेतलेला माल हा फक्त जास्त माल.

चार्टवर एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. लोक डेली चार्टवर सरासरीची लांबी २०० ठेवतात आणि तिलाच २०० आठवड्यांची रेषा समजतात. ती २०० दिवसांची झाली. ती भावाच्या बरीच जवळ असते आणि वर्षातून कितीदाही कापली जाते. आधी चार्ट `1W` करा, मग साधी सरासरी, म्हणजे `SMA`, लावा आणि लांबी 200 भरा. रुपयांच्या चार्टवर न बघता डॉलरच्या, `BTCUSD`च्या, जुना इतिहास असलेल्या चार्टवर बघा. ज्या एक्सचेंजवर व्यवहार सुरू होऊन चार वर्षंही झाली नाहीत, तिथे ही रेषा उमटतच नाही. आठवड्याची कँडल, म्हणजे चार्टवरची त्या आठवड्याच्या भावाची पट्टी, आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला बंद होते. रविवारी रात्री रेषेखाली दिसलेला भाव सकाळी वर असू शकतो, म्हणून सोमवारी कामावर निघण्यापूर्वी एकदा बघितलं की आठवड्याचं काम झालं.

खरेदी करताना "झटपट खरेदी"चं बटण टाळा. एकदा ५०० रुपयांचं बिटकॉइन त्या बटणाने घ्या आणि लगेच तेच विकायला किती रुपये दाखवतात ते फक्त बघा, विकू नका. जो फरक दिसेल तो दर महिन्याला तुमच्या खिशातून जाणार होता. घेणारे-विकणारे आपापले भाव लावतात त्या ऑर्डर बुकवर लिमिट ऑर्डर लावली की बहुतेक ठिकाणी तो बराच कमी होतो. चार्ट बघून मिळवायचा एखादा टक्का असा दर महिन्याला, खात्रीने मिळतो.

शेवटी, भाच्यासारखीच एक वही घ्या, पण दोन रकान्यांची. डावीकडे दर महिन्याला लिहा, सगळे दहा हजार तारखेलाच टाकले असते तर किती सातोशी आले असते. उजवीकडे प्रत्यक्षात किती आले. साठलेल्या ९०,०००चा हिशेब यात धरू नका, नाहीतर तुलना बिघडेल. एखाद्या वर्षावरून निकाल लावू नका. ज्या वर्षी टप्पा आलाच नाही त्या वर्षी बहुधा डावा रकाना पुढे असेल. चार पाडवे गेले आणि मधली एखादी मोठी पडझड पाहूनही डावा रकाना पुढेच असला, तर दोन हजारांचं राखीव बंद करून दहाच्या दहा हजार तारखेला द्या. उजवा पुढे असला, तर राखीव तीन हजार करा. त्यापुढे नको.